वजनकाट्यावर दोन तळवे

भाचीने एका दमात बावीस पुशअप्स काढले आणि माझ्याकडे पाहिलं. मी आठव्याला थांबलो होतो. ती पंचावन्न किलोंची, मी नव्वदचा. "मामा, तू आता कर ना रोज," एवढंच म्हणाली, पण तिच्या आवाजातली दया मला बरोबर ऐकू आली. माझ्या तोंडून निघालं, "दर पुशअपला तू जेवढं उचललंस त्याच्या दीडपटीहून जास्त मी उचललं." हे मी तेव्हा नुसतं तोंडाला आलं म्हणून बोललो होतो. खरं किती ते दोघांनाही माहीत नव्हतं.

मग वजनकाटा काढला.

जमिनीवर पालथं होऊन काट्यावर हात टेकायचे, एवढं सोपं ते नाही. घरगुती काटा एका माणसाच्या दोन पावलांपुरता असतो. त्यावर दोन तळवे टेकले तर ते जवळजवळ येतात आणि पुशअपची ढबच बदलते. म्हणून काट्यावर एक फळी आडवी ठेवली. फळीचं वजन दोन किलो, ते नंतर वजा करायचं. काटा आणि फळी मिळून हात जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर वर आले, तेव्हा पायांच्या बोटांखाली तेवढ्याच उंचीची जाड पुस्तकं सरकवली. शेवटची अडचण अशी की डिजिटल काटा हलणारं वजन वाचत नाही. खालीवर होत राहिलं की आकडा नाचतो: वर ढकलताना फुगतो, वर पोचताना वेग मारला की उतरतो. तेव्हा वर हात ताठ करून पाच सेकंद थांबायचं, मग छाती फळीपासून चार बोटं वर ठेवून पुन्हा पाच सेकंद, आणि दुसऱ्याने आकडा वाचायचा. खालच्या पाच सेकंदांत माझे हात थरथरत होते आणि भाची मुद्दाम सावकाश वाचत होती असा माझा संशय आहे.

फळीचं वजन काढून माझे आकडे आले वर ६१ आणि खाली ६६. तिचे ३७ आणि ४१.

किलोंत केवढा फरक! पण आपापल्या वजनाशी ताडून पाहिलं तर दोघं जवळपास एकाच जागी. वरच्या टोकाला सुमारे ६७-६८ टक्के, खालच्या टोकाला ७३-७४. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भार मोजणाऱ्या पाटावर हेच केलं होतं, तिथे वर ६९ आणि खाली ७५ टक्के मिळाले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात नेहमीच्या पुशअपला ६४ टक्के असा आकडा आहे. मोजण्याची पद्धत वेगळी, म्हणून चार-पाच टक्क्यांचं इकडेतिकडे. दोन-तृतीयांशाच्या आसपास, हे लक्षात ठेवलं तरी पुरे.

दोन-तृतीयांशच का, हे एकदा कळलं की पुन्हा विसरत नाही. पुशअपमध्ये शरीर म्हणजे दोघांनी धरलेली एक फळी. एक टोक पायांच्या बोटांकडे, दुसरं तळव्यांकडे. ज्या टोकाजवळ ओझं जास्त, त्याच्या वाट्याला भार जास्त. माणसाचा गुरुत्वमध्य साधारण उंचीच्या ५५ टक्क्यांवर, बेंबीच्या जरासा खाली येतो. माझी उंची १८३ सेंटिमीटर, म्हणजे तळपायापासून सुमारे १०१ सेंटिमीटर. माझे खांदे सुमारे १५० सेंटिमीटरवर. १०१ भागिले १५०, आले ६७ टक्के. भाची १५५ सेंटिमीटरची आहे, पण तिचा गुरुत्वमध्यही त्याच प्रमाणात खाली आणि खांदेही त्याच प्रमाणात खाली, म्हणून भागाकार तोच. उंच-बुटका, जाड-बारीक यांत ही टक्केवारी फारशी हलत नाही.

खाली गेल्यावर आकडा चढतो त्यामागेही भूमितीच आहे. हात ताठ असताना शरीर तिरकं असतं. खाली जाताना ते आडवं होत जातं, पायाची बोटं जागची हलत नाहीत, त्यामुळे खांदे आणि पोट दोन्ही पुढे सरकतात. तळवे मात्र होते तिथेच. म्हणजे ओझं तळव्यांच्या बाजूला सरकलं. जिथे हात सर्वांत वाकलेले आणि सर्वांत दुबळे असतात, नेमका तिथेच भार सर्वांत जास्त.

(ज्याला आपण पूर्वापार जोर म्हणतो, तो हा नव्हे. जोरात कंबर वर काढून अंग खाली झोकत पुढे न्यायचं असतं, आणि भार हातांकडून पायांकडे व परत असा सरकत राहतो. त्याला एक टक्केवारी चिकटवणं चुकीचंच. मी सरळ पाठीच्या पुशअपबद्दल बोलतोय.)

त्या दुसऱ्या अभ्यासात पुशअपचे आणखी प्रकार मोजले होते. गुडघे टेकून ४९ टक्के. हात तीस सेंटिमीटर उंच ठेवून ५५, साठ सेंटिमीटर उंच ठेवून ४१. उलट पाय साठ सेंटिमीटर उंच ठेवले तर ७४. मी एका बाजूला माझे किलो आणि दुसऱ्या बाजूला तिचे किलो लिहीत गेलो, आणि एका ओळीवर थबकलो. जमिनीवरच्या नेहमीच्या पुशअपमध्ये तिच्या हातांवर ३५ किलो. गुडघे टेकून माझ्या हातांवर ४४. ज्याला लोक सोपा पुशअप म्हणून नाक मुरडतात, तो माझ्यासाठी तिच्या पूर्ण पुशअपपेक्षा नऊ किलो जड आहे. तिच्या बरोबरीला यायचं तर मला हात साठ सेंटिमीटर उंच बाकावर ठेवावे लागतात, तेव्हा ३७ येतात. तेही जरा कमीच धरलेत, कारण तीच साठ सेंटिमीटरची उंची बुटक्या माणसाला जास्त तिरकं करते आणि माझ्यासारख्याला कमी. मला प्रत्यक्षात ४१ टक्क्यांहून थोडं जास्तच पडत असणार.

इथपर्यंत सांगून मी विजयी मुद्रेने बसलो. पण भाची गप्प बसणारी नाही. "तुझे स्नायूही मोठे आहेत ना? मग जास्त उचलायला नको?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर द्यायला तिलाच कागदावर मोठं करावं लागलं. समजा तिचा हुबेहूब नमुना १.१८ पटीने मोठा केला, जसा फोटो मोठा करतात तसा, पण तिन्ही दिशांनी. उंची १५५ ची १८३ झाली. स्नायूची ताकद त्याच्या लांबीवर नाही, जाडीवर अवलंबून असते, म्हणजे आडवा काप घेतला तर दिसणाऱ्या क्षेत्रफळावर. ते वाढलं १.१८ गुणिले १.१८, म्हणजे १.३९ पट. वजन मात्र लांबी-रुंदी-जाडी तिन्हींनी वाढतं, म्हणून १.६४ पट. पंचावन्नचे नव्वद झाले, ताकद मात्र ३९ टक्क्यांनीच वाढली. दर किलोमागे ती आधीच्या ८५ टक्क्यांवर आली. यात चरबी नाही, आळस नाही, वय नाही. तीच मुलगी, तोच सराव, फक्त मोठी. तरी पंधरा टक्क्यांचा तोटा.

त्यात हातही १८ टक्क्यांनी लांबले, म्हणजे प्रत्येक पुशअपला तेवढंच जास्त अंतर खालीवर. वजन १.६४ पट आणि अंतर १.१८ पट: एका पुशअपचं काम जवळपास दुप्पट, १.९४ पट. माझ्या आठाला तिच्या साधारण पंधरांचं मोल येतं, असं मी जाहीर केलं. तिने बावीस आणि पंधरा यांच्यातला फरक बोटावर मोजून दाखवला.

हा तोटा सर्वांत उघड दिसतो तो वजन उचलण्याच्या स्पर्धांत. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये नइम सुलेमानोग्लूने साठ किलो गटात क्लीन अँड जर्कला, म्हणजे दांडा आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, १९० किलो उचलले, स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. लाशा तालाखाद्झेने २०२१ मध्ये त्याच प्रकारात २६७ किलो उचलून विश्वविक्रम केला. तो त्याच्या अवाढव्य देहाच्या दीडपटीच्या आसपास. दोघंही आपल्या गटातले राजे. किलोंत मोठा जिंकतो, पटींत लहान. म्हणूनच तिथे वजनगट असतात, आणि पुशअप-पुलअपच्या चाचण्यांत बहुधा नसतात, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

पुलअपमध्ये तर सवलतच नाही. पुशअपला पाय एक-तृतीयांश भार उचलून धरतात. दांड्याला लटकल्यावर तो धरायला कुणीच नाही. जागेवर राहतात ते फक्त तळवे आणि कोपराखालचे हात. एका बाजूचा तेवढा भाग शरीराच्या सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, दोन्ही मिळून साडेचार टक्के. बाकी ९५ टक्के वर न्यायचे. तिचे ५२ किलो, माझे ८६.

पुशअपमध्ये आठ-दहा तरी निघतात आणि पुलअपमध्ये एकही नाही, अशी जाड माणसाची नेहमीची गत असते. ती मुख्यतः इथून येते. माणूस आपल्या कमाल ताकदीच्या जवळ काम करत असेल तर भारातला लहानसा फरक आकड्यात मोठा होऊन उमटतो. माझं उदाहरण घ्या. एकदाच ओढायचं झालं तर मी सगळं मिळून ९५ किलो ओढू शकतो असं धरलं, तर ८६ ही त्याच्या नव्वद टक्के, आणि जिममधल्या नेहमीच्या अंदाजाने त्यात तीन पुलअप निघतात. मी सहा किलो उतरवले आणि ताकद तीच ठेवली, तर भार ८० वर येतो आणि पाच-सहा निघतात. सहा किलोंत आकडा जवळपास दुप्पट. पुशअपमध्ये याच सहा किलोंचे हातांवरून चारच उतरले असते, आणि तिथे मी कमाल ताकदीपासून दूर असल्याने फरक फारसा जाणवलाही नसता.

मदतीच्या रबरी पट्ट्यांचंही असंच आहे. दांड्याला अडकवून पायाखाली घ्यायची ती पट्टी किलोंत मदत करते, टक्क्यांत नाही. वीस किलो उचलून धरणारी पट्टी भाचीचा भार ५२ वरून ३२ वर आणते, माझा ८६ वरून ६६ वर. तिला साठ टक्क्यांच्या जवळ नेते, मला तीन-चतुर्थांशावर सोडते. वर जाताना पट्टी सैल होते, म्हणजे हनुवटी दांड्याजवळ पोचायला लागते तेव्हा मदत आटत जाते आणि अनेक जण तिथेच अडकतात. "पट्टी लावूनही जमत नाही" असं म्हणणाऱ्या मोठ्या माणसाला आधी विचारावं की पट्टी कुणाच्या मापाची होती.

मला पट्टीपेक्षा वजनकाटा बरा वाटतो. दांडा अशा उंचीचा घ्यायचा की खाली उभं राहून हात वाकवून तो धरता येईल, पायाखाली काटा ठेवायचा आणि पायांनी थोडा टेका देत लटकायचं. काटा पायांचा भार दाखवतो. तो माझ्या नव्वदमधून वजा केला की हातांचा मिळतो. काटा ३५ दाखवत असेल तर हातांवर ५५. मग मी ठरवतो, आज काटा पस्तीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. पुढच्या आठवड्यात तेहतीस. घोड्यावर बसल्यासारखे पाय लोंबकळत ठेवून 'जमतच नाही' म्हणत राहण्यापेक्षा हे सोपं, आणि खोटं बोलता येत नाही हा त्याचा गुण. एकच खबरदारी: आकडा वाचायला मान खाली घालायची नाही, नाहीतर पाठ गोल होते. वाचायला भाची लागते.

बैठकांना मात्र मोठ्या माणसाला एवढा मार बसत नाही. गुडघ्यांखालचे पाय आणि पावलं फार हलत नाहीत, दोन्ही मिळून सुमारे १२ टक्के. बाकी ८८ वर-खाली होतात: तिचे ४८, माझे ७९. पण हे दोन पायांत वाटले जातात, आणि ते पाय हे ओझं वर्षानुवर्षं जिन्यावरून, बसताउठता वागवतच आलेले असतात. माझ्या मांड्यांना नव्वद किलो ठाऊक आहेत. माझ्या दंडांना ते कधी कुणी सांगितलेच नव्हते.

एका पायावर बैठक मारली की चित्र पालटतं. दुसरा पाय समोर ताठ धरायचा, तोही आता ओझंच. जागेवर राहतं ते एकच पाऊल आणि एकच पोटरी, सहा टक्के. दोन पायांच्या बैठकीत माझ्या एका पायावर ४० किलो होते, आता ८५. दुप्पट नाही, दुपटीहूनही जास्त. वर तोल सांभाळणं आलं. भाचीचे २४ चे ५२ होतात, आणि तिला त्या जमतात. मी एकदा खाली गेलो तो खालीच बसून राहिलो.

खांद्यावर दांडा घेऊन बैठका मारायची वेळ आली तेव्हा माझा जुना हट्ट उघडा पडला. मला वाटायचं, तिने ४० किलोंचा दांडा घेतला तर मी माझ्या वजनाच्या हिशेबाने ६५ घ्यायला हवा, नाहीतर लाज. पण दांड्याबरोबर स्वतःचं अंगही उठतं. तिचे ४८ अधिक ४०, एकूण ८८. तिची मोठी केलेली प्रत, म्हणजे ताकद १.३९ पट, एकूण १२२ पेलू शकेल. त्यातले ७९ अंगाचेच. उरले ४३.

हे मी दोनदा करून पाहिलं. पस्तीस किलो जास्त वजनाचा माणूस, तोच सराव, तीच ठेवण, आणि तोलामोलाचा दांडा फक्त तीन किलोंनी जड. 'स्वतःच्या वजनाएवढा दांडा घ्या' ही मोजपट्टी मोठ्या माणसाशी किती कठोर वागते हे त्या ४३ वर बघून कळतं. सगळ्यांना सारखाच दांडा देणारा प्रशिक्षक हलका भार असताना जवळपास बरोबर असतो. दांडा अंगाच्या वजनाहून बराच जड झाला की मात्र अंगाचा वाटा मागे पडतो आणि मोठा माणूस पुढे सरकायला लागतो.

या सगळ्या हिशेबाला एक मर्यादा आहे आणि ती भाचीनेच दाखवली. मी तिची मोठी प्रत नाही. माझ्या नव्वदमधले किती किलो ओढतात आणि किती नुसते ओढले जातात, हे काटा सांगत नाही. सराव केलेला नव्वद किलोंचा माणूस तिला मागे टाकू शकतो, आणि माझ्या पंधरा टक्क्यांच्या तोट्यात सगळं अपयश बसत नाही. वजन कुठे साठलंय यानेही फरक पडतो. ते आम्ही पाठपिशवीने तपासलं. दहा किलो भरलेली पिशवी खांद्यांच्या फऱ्यांवर घट्ट बांधली तर काट्यावर भाचीचा आकडा नऊ किलोंनी चढला. तीच पिशवी कमरेवर ओढली तर सातने. तळव्यांच्या जितकं जवळ, तितकं हातांवर. छातीपाठीने भरलेल्या माणसाला पुशअप जड जातो, मांड्यांनी भरलेल्याला त्यामानाने हलका, वजन तेच असलं तरी.

पिशवी हाताशी होतीच, म्हणून मग मी तिला म्हटलं, आता माझ्याएवढी हो. तिच्या ३७ चे माझे ६१ करायला हातांवर २४ किलो हवे, म्हणजे पिशवीत सुमारे सत्तावीस. घरातली सगळी जाड पुस्तकं, पाण्याच्या बाटल्या, शेवटी माझे डंबेल्स, असं करत सव्वीस भरले. बंद आवळताना ती दोनदा मागे कलली. पालथी झाली, वर थांबली, काटा ६२ म्हणाला (फळीचे दोन त्यात), आणि तिने खाली जायला सुरुवात केली.

तीन काढले. चौथ्याला कोपरं थांबली, काट्याचा आकडा नाचायला लागला, आणि ती फळीवर गाल टेकवून हसत पडून राहिली. मी पिशवी उचलून बाजूला घेतली. "मामा," ती म्हणाली, "ही तू दिवसभर घालून फिरतोस?"